व्हिसासाठी बँक व्यवस्थापकांना लिहिलेले पत्र

आमची मुलगी गेली काही वर्षे जर्मनीत नोकरी करते. 2025 च्या मे महिन्यात तिच्याकडे जायचे आम्ही दोघांनी ठरवले आणि पुण्यातल्या व्हिसा अर्ज केंद्राची 8 एप्रिलची वेळ मिळाली. कागदपत्रांच्या यादीत बहुतेक गोष्टी घरातच होत्या. एकच कागद असा होता की जो बाहेरून, दुसऱ्या कोणाच्या सही-शिक्क्याने मिळवायचा होता, आणि तो म्हणजे बँकेचा खाते उतारा. हा उतारा मागण्यासाठी शाखा व्यवस्थापकांना जे पत्र लिहावे लागले, त्यात काय असावे याचा मी बराच विचार केला. ते पत्र आणि त्यामागची कारणे इथे मांडते, कारण हे काम दिसते त्याहून बारीक आहे, आणि उताऱ्यातल्या उणिवा अर्जदाराला बहुधा केंद्राच्या खिडकीवर किंवा नकाराच्या पत्रातच कळतात.

पैशाचा पुरावा मागण्यामागची दृष्टी आधी समजून घ्यायला हवी. जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नियमावलीत असे म्हटले आहे की मुक्काम किती दिवसांचा आणि कशासाठी आहे ते पाहून, साध्या राहण्या-जेवणाच्या सरासरी खर्चाला दिवसांनी गुणून, अर्जदाराकडे तेवढी ऐपत आहे का हे ठरवावे. म्हणजे वकिलातीतला अधिकारी खात्यात आज किती रक्कम आहे एवढेच पाहत नाही. ती रक्कम त्या माणसाची आहे का, ती कुठून आली, आणि दर महिन्याला काही नियमित येते का, हे तो उताऱ्यावरून वाचतो. व्हिसा नाकारला तर जो ठराविक नमुन्यातला कागद हातात येतो, त्यावर छापलेल्या कारणांमध्ये मुक्कामासाठी आणि परतीसाठी पुरेशा साधनांचा पुरावा दिला नाही, असे एक कारण आहे. त्या कारणापुढे खूण केली जाते, पण उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवर शंका आली हे त्यावरून कळत नाही. म्हणून ती शंका आपल्यालाच आधी ओळखावी लागते.

आमचे खाते सदाशिव पेठेतल्या एका शाखेत आहे. पूर्वी आम्ही तिथेच राहत होतो, आता कोथरूडला राहतो. खाते दोघांच्या नावावर आहे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या प्रकारचे. पहिले नाव माझ्या पतींचे, दुसरे माझे. त्यांचे निवृत्तिवेतन, महिन्याला 41,200 रुपये, याच खात्यात जमा होते. मी एका खाजगी विनाअनुदानित शाळेत शिकवत होते, त्यामुळे मला निवृत्तिवेतन नाही. भविष्यनिर्वाह निधीचे जे पैसे मिळाले त्यांतले पाच लाख मी 12 फेब्रुवारी 2024 रोजी माझ्या नावाने एका वर्षाच्या मुदत ठेवीत ठेवले होते. 12 फेब्रुवारी 2025 रोजी ती ठेव पुरी झाली आणि व्याजासह 5,35,930 रुपये आमच्या संयुक्त खात्यात आले. प्रवासाचा खर्च त्यातूनच करायचा होता, म्हणून ठेव पुन्हा ठेवली नाही.

पत्र लिहिण्याआधी मी मोबाइलवरच्या ॲपमधून उतारा काढून नीट वाचला. दोन गोष्टी लगेच नजरेत आल्या. पहिली म्हणजे उताऱ्याच्या डोक्यावर फक्त माझ्या पतींचे नाव होते, माझे नाव कुठेही नव्हते. दुसरी म्हणजे फेब्रुवारीतल्या मोठ्या रकमेपुढे तपशिलाच्या रकान्यात काही इंग्रजी अक्षरे आणि एक लांबलचक क्रमांक एवढेच होते. ती रक्कम माझ्याच मुदत संपलेल्या ठेवीची आहे हे मला माहीत होते, पण मुंबईच्या वाणिज्य दूतावासात बसलेल्या माणसाला ते कळायला काहीच मार्ग नव्हता. त्याला दिसले असते ते एवढेच, की दोन लाखांच्या आसपास शिल्लक असलेल्या खात्यात अर्जाच्या आधी दोन महिने अचानक पाच लाखांहून जास्त आले. व्हिसासाठी नातेवाइकांकडून पैसे घेऊन काही दिवस खात्यात ठेवायचे आणि नंतर परत करायचे, असा सल्ला आपल्याकडे अगदी सहज दिला जातो. मलाही तो मिळाला होता. त्या सल्ल्यामुळेच खरोखर स्वतःचे पैसे असलेल्या माणसाच्या उताऱ्यातही अशी नोंद संशयास्पद दिसते. मला तो सल्ला अयोग्य वाटतो, आणि धोक्याचाही, कारण उताऱ्यातली उसनी रक्कम तिच्या तारखेवरूनच उघडी पडते.

शाखेत गेल्यावर खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने अगदी आपुलकीने सांगितले, “काकू, कशाला रांगेत थांबता? ॲपमधून पीडीएफ काढा आणि छापून द्या.” हा सल्ला बहुतेक कामांसाठी बरोबर आहे. पण आमच्या यादीत बँकेच्या शिक्क्याचा आणि सहीचा उतारा मागितला होता, आणि ॲपमधून निघणाऱ्या उताऱ्याच्या तळाशी तो संगणकाने तयार केलेला असल्यामुळे सहीची गरज नाही अशी ओळ असते. मी घरून छापून नेलेल्या पानांवर शिक्का मारून मिळेल का असे विचारले, तेव्हा तो नाही म्हणाला. ते मला पटले. घरच्या प्रिंटरमधून निघालेल्या पानावरचे आकडे कोणी बदलले नसतील याची खात्री बँक कशी देणार? बँकेने शिक्का मारायचा तर पानही बँकेच्याच यंत्रातून निघाले पाहिजे.

पासबुकाच्या झेरॉक्सवर भागेल असेही काही जण सांगतात. पासबुक बरेच दिवस भरून घेतले नसेल तर मधल्या अनेक नोंदी एकत्र करून एकाच ओळीत छापल्या जातात आणि दर महिन्याला आलेले निवृत्तिवेतन त्यात वेगळे दिसत नाही. जो पुरावा सर्वांत भक्कम, तोच नेमका नाहीसा होतो.

मग त्या कर्मचाऱ्याने शाखा व्यवस्थापकांकडे पाठवले. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्याच होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काकू, उतारा मी शिक्क्यासह देईन, पण तुम्ही आणि काकांनी दोघांच्या सहीचा अर्ज द्या, आणि त्यात नेमके काय हवे ते सगळे लिहा. तोंडी सांगितलेले मी दाखल्यात लिहू शकत नाही.” खाते ‘दोघांपैकी कोणीही’ प्रकारचे असल्यामुळे व्यवहाराला एकाची सही पुरते, मग अर्जावर दोघांची कशासाठी, असे मी विचारले. त्यांचे उत्तर असे होते की ग्राहकाच्या खात्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन बँकेवर असते. इथे दोघांची नावे, पासपोर्ट क्रमांक आणि शिल्लक एका परदेशी कार्यालयासाठी लेखी द्यायची होती, म्हणून दोघांची लेखी संमती नस्तीत असलेली बरी. आमच्या सह्या व्यवस्थापक मॅडम खाते उघडतानाच्या नमुना सह्यांशी ताडून पाहणार होत्या. मूळ शाखेतच अर्ज देण्याचा फायदा मला इथे कळला. उतारा कोथरूडच्या शाखेतूनही छापून मिळाला असता, पण आमच्या खात्याचे मूळ कागद सदाशिव पेठेत होते आणि दाखल्यावर सही करणाऱ्याला ते समोर ठेवता येत होते.

घरी येऊन मी पत्र लिहायला बसले, तेव्हा आधी तारखांचा प्रश्न सोडवावा लागला. आमच्या यादीत मागच्या तीन महिन्यांचा उतारा मागितला होता. आम्ही सहा महिन्यांचा मागायचे ठरवले. कारण असे की तीन महिन्यांच्या उताऱ्यात ती मोठी रक्कम लवकरच दिसली असती आणि तिच्याआधीचे खाते जेमतेम महिनाभराचेच दिसले असते. ऑक्टोबरपासून पाहिले तर दर महिन्याचे निवृत्तिवेतन, विजेचे बिल, सोसायटीची वर्गणी, औषधांचा खर्च अशा नोंदींचा एक शांत क्रम दिसतो, आणि त्या क्रमात ठेवीची नोंद आली की ती घरच्याच पैशाची वाटते. हा माझा निर्णय होता, यादीची अट नव्हती. ज्याच्या खात्यात अशी वेगळी नोंद नाही त्याने जास्तीची पाने देण्याचे काही कारण नाही.

उतारा कोणत्या दिवशी काढायचा हेही महत्त्वाचे होते. तो भेटीच्या वेळेपर्यंत शक्य तितका ताजा हवा. पण आमची वेळ 8 एप्रिलची, आणि त्याआधीचे दिवस बँकेच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत अवघड. 30 मार्चला रविवारी गुढीपाडवा होता, 31 ला ईद आणि आर्थिक वर्षाचा शेवट, 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद, आणि 6 एप्रिलला पुन्हा रविवार. म्हणून मी असे ठरवले की पत्र मार्चच्या मध्यावर द्यायचे, म्हणजे दाखल्याचा मजकूर ठरवायला व्यवस्थापकांना निवांत वेळ मिळेल, आणि प्रत्यक्ष उतारा 4 एप्रिलला, शुक्रवारी छापून घ्यायचा. एप्रिलमधल्या उताऱ्याचा आणखी एक फायदा होता. बचत खात्याचे तिमाही व्याज आणि मार्चचे निवृत्तिवेतन हे दोन्ही त्यात आले.

पत्र मराठीतच लिहिले. शाखा पुण्याची, वाचणाऱ्या मॅडम मराठी, आणि मला माझे म्हणणे मराठीत अचूक मांडता येते. दूतावासाला जायचे ते कागद मात्र इंग्रजीत हवेत, हे पत्रात स्पष्ट लिहिले. नावे आणि क्रमांक गाळून ते पत्र असे होते:

दिनांक : 18 मार्च 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), सदाशिव पेठ शाखा, पुणे.

विषय : जर्मनीच्या व्हिसा अर्जासाठी संयुक्त बचत खात्याचा शिक्क्यासह उतारा आणि दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : बचत खाते क्रमांक (…), मुदत ठेव खाते क्रमांक (…).

महोदया,

आम्ही खाली सही करणारे दोघे आपल्या शाखेत वरील बचत खात्याचे संयुक्त खातेदार आहोत. मे 2025 मध्ये आमच्या मुलीला भेटण्यासाठी आम्ही जर्मनीला जाणार असून त्यासाठी व्हिसाचा अर्ज 8 एप्रिल 2025 रोजी पुणे येथील अर्ज केंद्रात सादर करणार आहोत. आम्हा दोघांचे अर्ज स्वतंत्र आहेत.

या अर्जांसाठी वरील बचत खात्याचा 1 ऑक्टोबर 2024 पासून उतारा देण्याच्या दिवसापर्यंतचा उतारा, इंग्रजीत, प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही करून, दोन मूळ प्रतींत मिळावा, ही विनंती. भेटीच्या दिवसापर्यंत उतारा ताजा असावा म्हणून तो 4 एप्रिल 2025 रोजी छापून द्यावा.

उताऱ्याच्या शीर्षभागी फक्त पहिल्या खातेदाराचे नाव छापले जाते. दुसऱ्या खातेदाराचाही स्वतंत्र व्हिसा अर्ज असल्यामुळे, हे खाते दोघांच्या नावावर आहे, ते कोणत्या तारखेपासून आहे आणि खाते चालवण्याची पद्धत कोणती आहे, हे नमूद करणारा दाखला बँकेच्या नाममुद्रित कागदावर द्यावा. दोघांची नावे पासपोर्टात आहेत तशीच, पासपोर्ट क्रमांकासह लिहावीत. दोन्ही पासपोर्टांच्या स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या असून मूळ पासपोर्ट पडताळणीसाठी दाखवत आहोत.

दिनांक 12 फेब्रुवारी 2025 रोजी या खात्यात जमा झालेले 5,35,930 रुपये हे दुसऱ्या खातेदाराच्या नावावर 12 फेब्रुवारी 2024 रोजी आपल्याच शाखेत ठेवलेल्या 5,00,000 रुपयांच्या मुदत ठेवीची मुदतपूर्तीची रक्कम आहे. उताऱ्यातील नोंदीवरून हे स्पष्ट होत नाही. आपल्या नोंदींवरून खात्री करून दाखल्यात तसा उल्लेख करावा, ही विनंती.

उतारा आणि दाखल्याचे नियमानुसार होणारे शुल्क वरील बचत खात्यातून वळते करावे. ही माहिती आमच्याच हाती द्यावी.

कळावे,
आपले विश्वासू,
(दोन्ही खातेदारांच्या सह्या, नावे, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत : दोन्ही पासपोर्टांच्या प्रती, मुदत ठेव पावतीची प्रत, भेटीच्या वेळेच्या निश्चितीची प्रत.

या पत्रातल्या काही वाक्यांबद्दल थोडे सांगते. ‘दोन मूळ प्रती’ हे शब्द मुद्दाम घातले, कारण नवरा-बायको बरोबर गेले तरी प्रत्येकाची फाइल वेगळी असते, आणि शिक्क्याची झेरॉक्स म्हणजे शिक्का नव्हे. ‘प्रत्येक पानावर’ हेही तसेच. नाहीतर शेवटच्या पानावर एक शिक्का मारून उतारा हातात येतो आणि मधली पाने कोरी राहतात. भेटीच्या तारखेचा उल्लेख विनवणी म्हणून केलेला नाही. उतारा अमुक दिवशीच का हवा याचे कारण त्यामुळे कळते आणि व्यवस्थापकांना कामाची आखणी करता येते.

मुदत ठेवीच्या परिच्छेदात ‘आपल्या नोंदींवरून खात्री करून’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. मी सांगते म्हणून बँकेने लिहावे असे मी मागितले नाही, कारण बँक तसे लिहिणार नाही आणि लिहूही नये. ठेव त्याच शाखेत होती, तिचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि ती कोणत्या खात्यात गेली हे सगळे त्यांच्याच दप्तरात होते. आपण फक्त बोट दाखवायचे, खात्री त्यांनी करायची.

काय मागितले नाही तेही सांगायला हवे. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले होते की बँकेकडून ऐपतीचा दाखला घ्या. त्यासाठी बँका मालमत्तेची कागदपत्रे पाहतात आणि शुल्कही जास्त असते. तो कागद ठेकेदारीच्या निविदा वगैरे कामांसाठी उपयोगी पडतो. आमच्या यादीत तो नव्हता. नुसता शिल्लक दाखलाही पुरेसा नव्हता, कारण तो एका दिवसाची रक्कम सांगतो, तिचा इतिहास सांगत नाही. मुलीने आमच्या खर्चाची हमी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात द्यायची, हा एक वेगळा अधिकृत मार्ग आहे आणि ज्यांचे स्वतःचे उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी तो चांगला आहे. आमच्याकडे पैसे होते आणि स्वतःच्या पैशाने जाण्याची आमची इच्छा होती, म्हणून आम्ही तिच्याकडून फक्त निमंत्रणाचे पत्र घेतले.

पत्राच्या दोन प्रती नेल्या. एक दिली आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवली. पोच मागण्यात अविश्वास नाही. मार्चअखेरच्या गर्दीत एखादा कागद खाली दबला, किंवा अर्ज पाहणारा अधिकारी रजेवर गेला, तर दुसऱ्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही. आमच्या बाबतीत झालेही तसेच. 4 एप्रिलला आम्ही गेलो तेव्हा मॅडम बैठकीसाठी बाहेर होत्या. त्यांच्या जागी असलेल्या अधिकाऱ्यांनी पोच पाहिली, नस्तीतला अर्ज काढला आणि मॅडमनी आधीच तयार करून ठेवलेला दाखल्याचा मसुदा समोर ठेवला.

मसुदा वाचायला मिळाला हे बरे झाले. त्यात माझे नाव बँकेच्या संगणकात होते तसे आले होते, म्हणजे आधी ‘सौ.’, मग माझे नाव, मग पतींच्या नावाचे केवळ आद्याक्षर. पासपोर्टात मधले नाव पूर्ण आहे आणि ‘सौ.’ अर्थातच नाही. वाचणाऱ्याने मनात आणले तर ही एकच व्यक्ती आहे हे त्याला कळेल, पण त्याने तसे मनात आणावे यावर आपण का विसंबायचे? मी अधिकाऱ्यांना पत्रातले ते वाक्य दाखवले. ते म्हणाले, “नाव मला संगणकात आहे तसेच द्यावे लागेल, ते मी बदलू शकत नाही. पण पासपोर्टाची प्रत आता आमच्या नोंदीत आहे, तेव्हा त्यापुढे पासपोर्टातले नाव आणि क्रमांक लिहून, बँकेच्या नोंदीप्रमाणे ही तीच व्यक्ती आहे, असे लिहितो.” हे आम्ही मागितले होते त्याहूनही चांगले झाले, कारण उताऱ्यातले आणि पासपोर्टातले अशी दोन्ही नावे एकाच वाक्यात जोडली गेली. खात्यातले नाव कायमचे दुरुस्त करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. ते काम व्हिसाच्या आधी बरेच महिने उरकता आले तर उत्तम.

उतारा छापून आल्यावर तिथेच खुर्चीवर बसून आम्ही तो तपासला. पहिली तारीख 1 ऑक्टोबर आणि शेवटची 4 एप्रिल आहे का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, एका पानाची शेवटची शिल्लक पुढच्या पानाच्या पहिल्या शिल्लकेशी जुळते का, हे पाहिले. मग शिक्के. एका पानावर गोल शिक्का नेमका फेब्रुवारीच्या त्या नोंदीवर बसला होता आणि आकडे वाचता येत नव्हते. अधिकाऱ्यांनी काही न बोलता ते पान पुन्हा छापून दिले आणि शिक्का समासात मारला. सहीखाली नाव, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांकही लिहून घेतला, कारण दूतावासाला पडताळणीसाठी शाखेत विचारायचे झाले तर नुसत्या फर्राट्यावरून माणूस सापडत नाही. पत्ता मात्र जुनाच, सदाशिव पेठेचा होता. पासपोर्टात कोथरूडचा आहे. पत्ता बदलण्याचा अर्ज आम्ही 18 मार्चलाच वेगळा दिला होता, पण वर्षअखेरच्या कामात तो मार्गी लागला नव्हता. मग दाखल्यात कोथरूडचा पत्ता पासपोर्टानुसार घातला आणि पत्ताबदलाच्या अर्जाची पोच जोडली.

केंद्रात 8 एप्रिलला कागद घेणाऱ्या मुलीने उतारा उलटून प्रत्येक पानावरचा शिक्का पाहिला. माझ्या फाइलच्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, “यावर तुमचं नाव नाहीये, मॅडम.” मी दाखला पुढे केला. तिने दोन्ही नावे, पासपोर्ट क्रमांक आणि ठेवीचे वाक्य वाचले, दाखला उताऱ्याच्या वर लावला आणि पुढच्या कागदाकडे वळली. तिथे बसलेली माणसे निर्णय घेत नाहीत, कागद गोळा करून दूतावासाकडे पाठवतात. पण कागद अपुरा आहे असे त्यांना वाटले तर तशी नोंद फाइलवर जाऊ शकते, म्हणून त्या खिडकीवर प्रश्न मिटणे आवश्यक होते. शेंगेनच्या नियमाप्रमाणे निर्णयासाठी साधारण 15 दिवस धरतात आणि अधिक तपासणी लागली तर ते 45 पर्यंत वाढू शकतात. आमचे दोघांचेही पासपोर्ट व्हिसासह वेळेत परत आले.

त्यानंतर सकाळी बागेत भेटणाऱ्या एका मैत्रिणीने हे पत्र तिच्या अर्जासाठी मागून नेले. तिचे खाते एकटीच्या नावावर आहे, त्यामुळे संयुक्त खात्याचा परिच्छेद गळला. मुदत ठेवीच्या जागी तिने असे लिहिले होते की दर महिन्याला ती जी 22,000 रुपये रोख भरते ती वडगावच्या फ्लॅटच्या भाड्याची रक्कम आहे, आणि बँकेने तसा दाखला द्यावा. तिच्या व्यवस्थापकांनी तो परिच्छेद नाकारला, आणि ते योग्यच होते. रोख रक्कम भरली गेली एवढेच बँकेच्या दप्तरात असते, ती कोणी कशासाठी दिली हे बँकेला माहीत नसते. तिने मग तो परिच्छेद काढला, उतारा घेतला, नोंदणी केलेला भाडेकरार आणि ज्यात हे भाडे दाखवले आहे ती आयकर विवरणपत्रे त्यासोबत जोडली, आणि कोणती नोंद कोणत्या महिन्याच्या भाड्याची आहे हे स्वतःच्या सहीच्या एका पानावर लिहून दिले. भाडेकरूला तिने पुढच्या महिन्यापासून भाडे थेट खात्यात भरायला सांगितले आहे.